व्हॉइस नोट: फोनातून निघते काय आणि पुढे पोचते काय

आमच्या नाटकाच्या गटात मी एका मंगळवारी रात्री चाळीस सेकंदांची व्हॉइस नोट पाठवली. "उद्याची तालीम सातला नाही, साडेआठला. खुर्च्या साठ लागतील, त्या संध्याकाळीच मांडून ठेवा," हा त्यातला कामाचा भाग, बाकी इकडचं तिकडचं. एकाने ती दुप्पट वेगाने ऐकली आणि "सातच खुर्च्या कशाला?" असं विचारलं. एकीने ऐकलीच नाही, खाली उमटलेला मजकूर वाचला आणि ती सातला येऊन बसली. प्रकाशयोजना बघणारा मित्र गटात नव्हता. त्याला ती नोट कुणीतरी गुरुवारी फॉरवर्ड केली आणि तो शुक्रवारी साडेआठला दारात उभा. नोट एकच, मी बोललोही स्पष्ट होतो, तरी तिघांच्या हाती तीन वेगळ्या गोष्टी पडल्या. तेव्हापासून मी या नोटेच्या प्रवासाकडे नीट बघायला लागलो.

सुरुवात माइकच्या बटणापासून करू. बटण दाबलं की फोन आवाजाची लाट फार बारीक अंतराने मोजत जातो. बोलण्याच्या आवाजासाठी सेकंदाला सोळा हजार वेळा मोजणं ही नेहमीची पद्धत. प्रत्येक मोजमापाला सोळा बिट धरले, तर चाळीस सेकंदांची कच्ची नोट साधारण 1.28 एमबी होते. पण बहुतेक चॅट ॲप ती तशी पाठवत नाहीत. आधी ऑपस नावाच्या पद्धतीने ती आवळली जाते. ऑपस हे 2012 साली प्रमाणित झालेलं खुलं तंत्र आहे आणि व्हॉट्सॲप, टेलिग्राम या दोन्हींच्या व्हॉइस नोट त्यात असतात. ते आवाजाचे वीस मिलिसेकंदांचे तुकडे करतं आणि कानाला ज्याने फरक पडत नाही असा तपशील प्रत्येक तुकड्यातून गाळतं. सेकंदाला सोळा हजार बिट एवढाच खर्च करायचा ठरवला, तर एका तुकड्याच्या वाट्याला चाळीस बाइट येतात. चाळीस सेकंदांचे दोन हजार तुकडे, म्हणजे अख्खी नोट सुमारे 80 केबी. कच्च्या नोटेच्या सोळाव्या हिश्श्यात बोलणं बसलं.

ही फाइल पूर्ण तयार झाल्यावरच निघते. कॉलवर बोलताना नेटवर्क डळमळलं की शब्द तुटतात, कारण तिथे उशिरा आलेला तुकडा टाकून द्यावा लागतो. व्हॉइस नोटचं तसं नाही. तिचा एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागवला जातो आणि सगळे जमेपर्यंत फोन थांबतो. म्हणून "तुझी नोट तुटक येतेय, रेंज नसेल" हे निदान बहुधा चुकतं. खात्री करायची तर तीच जागा पुन्हा ऐकावी. त्याच सेकंदाला पुन्हा तुटली, तर दोष फाइलमध्येच आहे: बोलणाऱ्याचं बोट माइकवर आलं असेल किंवा वारा लागला असेल. दर वेळी वेगळ्या ठिकाणी तुटली, तर ऐकणाऱ्याचा ब्लूटूथ इअरफोन तपासावा.

नोटेवर जी उंचसखल रेघांची पट्टी दिसते ती आणि "0:40" हा आकडा, हे अनेकदा फाइल उतरण्याआधीच दिसतात. पाठवणाऱ्याच्या फोनने काही मोजके आकडे काढून ते निरोपासोबत वेगळे पाठवलेले असतात, त्यांतून ती पट्टी रेखाटली जाते. रेघ सपाट दिसली तर तिथे शांतता आहे. मोठ्या नोटेत नेमकी जागा शोधताना मला ती पट्टी फार उपयोगी पडते.

दुप्पट वेगाने ऐकताना काय गळतं

व्हॉट्सॲपमध्ये दीडपट आणि दुप्पट वेगाची सोय 2021 साली आली. आता ती इतकी अंगवळणी पडली आहे की साध्या वेगात बोलणारा माणूस रेंगाळतोय असं वाटतं.

वेग वाढवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मोजमापं भराभर वाजवणं. पण तसं केलं तर आवाजाची पट्टीही चढते. दुप्पट वेगाला ती बरोबर एका सप्तकाने चढते आणि भारदस्त आवाजाचा माणूस चिमण्या आवाजात बोलू लागतो. ॲपमध्ये तसं होत नाही, कारण तिथे युक्ती निराळी आहे.

तुम्ही "आ" म्हणता तेव्हा स्वरतंतू ठरावीक लयीत उघडझाप करतात. खर्जातला पुरुषी आवाज असेल तर सेकंदाला साधारण शंभर वेळा. त्यामुळे लाटेचा एकच आकार दर दहा मिलिसेकंदांनी जवळपास तसाच पुन्हा येतो. एकसारख्या मण्यांची माळ डोळ्यांसमोर आणा. दुप्पट वेगासाठी ॲप एक मणी ठेवतं आणि एक काढतं, दीडपट वेगासाठी तीनातले दोन ठेवतं. जिथे मणी काढला तिथे दोन कडा एकमेकींवर थोड्या चढवून, एक विरवत आणि दुसरी उमटवत, सांधा बेमालूम केला जातो. मणी कमी झाले, पण उरलेल्या प्रत्येक मण्याचा आकार तोच राहिला, म्हणून पट्टीही तीच राहते. बायकांच्या किंवा मुलांच्या आवाजात मणी लहान असतात. ॲप आधी लाट न्याहाळून मण्याची लांबी ओळखतं आणि मग कापतं.

स्वरांमध्ये हे छान जमतं, कारण स्वर म्हणजेच पुनरावृत्ती. अडचण व्यंजनांची. "ट" म्हणताना जीभ टाळूला टेकते, क्षणभर काहीच ऐकू येत नाही आणि मग एक छोटा स्फोट होतो. तो एकदाच होतो. "ठ" म्हणताना त्या स्फोटामागे हवेचा एक झोत येतो, तोही काही दशक मिलिसेकंदांचाच. यात माळ नाही, त्यामुळे काढायला जादाचा मणीही नाही. तरीही वेळ निम्मी करायची असते, मग ॲप त्यातल्या त्यात जुळणारी जागा शोधून कापतं. झोत आखडला की "साठ"चं "साट" होतं. त्यात ऐकणारा रस्त्यावर असेल तर "साट" आणि "सात" यांत कानाला फारसा फरक उरत नाही. आपल्या भाषेत त-थ, ट-ठ, क-ख असे अर्थ बदलणारे भेद या झोतावरच उभे आहेत, म्हणून मराठी नोट दुप्पट वेगाने ऐकताना आकडे विशेष जपावे लागतात. माझ्या साठ खुर्च्यांच्या सात झाल्या त्या अशा.

दीडपट वेगात मला हा त्रास क्वचित होतो. दुप्पट वेगात गोष्ट कळते, पण संख्या, वेळ आणि अनोळखी आडनाव आलं की मी मागे जाऊन तेवढाच भाग साध्या वेगात ऐकतो. मुळात भरभर बोलणाऱ्या माणसाची नोट दुप्पट केली तर शब्दांमधल्या श्वासाच्या जागाही उरत नाहीत. आपण मागचं वाक्य त्या जागांमध्येच पचवत असतो.

ही सगळी कापाकापी ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये, वाजवता वाजवता होते. फाइलला धक्का लागत नाही. पाठवणाऱ्याला तुम्ही कुठल्या वेगाने ऐकलं ते कळत नाही. व्हॉट्सॲपवर नोट वाजवली की माइकचं चिन्ह निळं होतं, एवढंच त्याला दिसतं. पहिले तीन सेकंद ऐकून सोडून दिली तरी ते निळं होतं, म्हणून निळा माइक म्हणजे "ऐकून कळलं" असं धरू नये.

खाली उमटणारा मजकूर

सातला येऊन बसलेल्या मैत्रिणीने मला तिच्या फोनवरचा मजकूर दाखवला. तिथे लिहिलं होतं: "उद्याची तालीम सातला ना साडेआठला खुर्च्या साठ लागतील". मी "नाही" म्हणालो होतो, पण बोलताना आपण "नाही"चं "नाय" करतो आणि घाईत शेवटचा "य"ही गिळतो. उरलं ते "ना". "तालीम सातला ना?" हेही मराठीत चांगलं घडीव वाक्य आहे, त्यामुळे यंत्राला त्यात काही खटकलं नाही.

हे कसं घडतं ते बघू. मजकूर बनवणारी प्रणाली आवाजाचे पंचवीस मिलिसेकंदांचे तुकडे घेते, दर दहा मिलिसेकंदांनी एक, म्हणजे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. प्रत्येक तुकड्यात खर्जाचा भाग किती, मधला किती, तीक्ष्ण किती याचं मोजमाप होतं. सेकंदाला असे शंभर उभे पट्टे, माझ्या नोटेचे चार हजार. पट्टे शेजारी शेजारी ठेवले की आवाजाचं एक चित्र तयार होतं. भरपूर बोलणं आणि त्याचं लेखी रूप यांवर शिकवलेलं मॉडेल ते चित्र पाहून कोणती अक्षरं असावीत याचा अंदाज बांधतं. पण एका आवाजाला अनेक लेखी रूपं शोभू शकतात. तेव्हा मॉडेल आजूबाजूचे शब्द बघून त्यांतलं जास्त संभाव्य रूप निवडतं.

या निवडीमुळेच मजकूर वाचायला गुळगुळीत लागतो आणि चूक लपून राहते. माणसाला ऐकू आलं नाही तर तो "काय?" विचारतो. मॉडेल बहुतेक वेळा विचारत नाही, सर्वांत शक्य वाटलेला शब्द लिहून पुढे जातं. काही मॉडेल तर लांबलचक शांततेच्या जागी न बोललेलं वाक्यही रचतात. म्हणून मजकूर अडखळतोय का हे बघून उपयोग नाही. चुकीची जागा ओळखायची तर अर्थ ज्यावर टेकलेला असतो ते शब्द बघावेत: नकार, वेळ, आकडा, नाव. विरामचिन्हंही तिथे अंदाजाचीच असतात. आवाजात हेल असतो, पूर्णविराम नसतो.

भाषेचाही प्रश्न आहे. व्हॉट्सॲपने ही सोय 2024 च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केली. तिथे मजकूर फोनमध्येच तयार होतो, आवाज त्यासाठी बाहेर जात नाही. फोनवर निवडलेली भाषा एक आणि नोट दुसरीत असेल, आवाजात गोंगाट असेल किंवा शब्द ओळखता आले नाहीत, तर तिथे "Transcript unavailable" असं दिसू शकतं. मला ते चुकीच्या मजकुरापेक्षा बरं वाटतं, निदान माणूस मग ऐकतो. काही ॲपमध्ये हे काम कंपनीच्या सर्व्हरवर होतं. तिथे आवाज, किंवा त्यातला मजकूर, दुसऱ्याच्या यंत्रावर उघडा होतो. खाजगी नोटेचा मजकूर काढण्याआधी आपलं ॲप यांतलं काय करतं ते सेटिंगमध्ये पाहून घ्यावं.

मजकूर मूळ फाइलवरून बनतो, तुम्ही ऐकता त्या वेगाचा त्याच्याशी संबंध नाही. आणि व्हॉट्सॲपवर तो फक्त ऐकणाऱ्याला दिसतो. माझ्या नोटेखाली "सातला ना" उमटलंय हे मला कळायला मार्गच नव्हता. त्यानंतर मी बोलण्याची पद्धत बदलली. "सातला नाही, साडेआठला" असं म्हणत नाही, "साडेआठला या" असं म्हणतो. जो शब्द गिळला गेला तर अर्थ उलटतो, तो शब्दच ठेवत नाही.

फॉरवर्ड केल्यावर

आता शुक्रवारी साडेआठला आलेल्या मित्राकडे वळतो. इथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांची समजूत इथेच चुकते.

फॉरवर्ड म्हणजे फोन ती नोट वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित करतो असं नाही. व्हॉट्सॲपमध्ये पहिल्यांदा पाठवताना काय होतं ते आधी बघा. माझ्या फोनने 80 केबीच्या फाइलला एका यादृच्छिक किल्लीने कुलूप लावलं आणि ती बंद पेटी सर्व्हरवर ठेवली. मग गटातल्या लोकांना एक छोटा निरोप गेला. त्यात पेटी कुठे आहे तो पत्ता, कुलपाची किल्ली आणि आतल्या फाइलचा ठसा, म्हणजे तिच्या बाइटवरून काढलेली ओळखीची अक्षरमाला, होती. हा निरोपही ज्याचा त्यालाच उघडता येईल असा बंद असतो. सर्व्हरकडे पेटी असते पण किल्ली नसते. घेणाऱ्याचा फोन पेटी उतरवून घेतो, ठसा जुळतो का बघतो आणि मग नोट वाजते.

फॉरवर्ड करताना दुसरा फोन हाच छोटा निरोप नव्याने तयार करतो: तोच पत्ता, तीच किल्ली, तोच ठसा. पेटी अजून सर्व्हरवर असेल तर आवाज पुन्हा चढवावाच लागत नाही. दहा मिनिटांची नोटसुद्धा फॉरवर्ड करताना चुटकीसरशी जाते ती यामुळे. पेटी काढून टाकली गेली असेल तर फोन आपल्याजवळची प्रत पुन्हा चढवतो. दोन्ही वाटांनी जाणाऱ्या बाइट त्याच असतात, म्हणून पन्नासाव्या हाती पोचलेली नोटही पहिलीइतकीच स्वच्छ ऐकू येते. खरखर वाढलेली नोट आली, तर कुणीतरी ती स्पीकरवर वाजवून दुसऱ्या फोनमध्ये घेतली आहे किंवा वाटेत दुसऱ्या पद्धतीने पुन्हा आवळली आहे.

दोन ठिकाणांहून आलेल्या नोटा एकच आहेत का, हे त्यामुळे कानावर विसंबून न राहता तपासता येतं. अँड्रॉइड फोनवर त्या बहुधा `WhatsApp Voice Notes` या फोल्डरमध्ये असतात. लिनक्स संगणकावर आणून टर्मिनलमध्ये या आदेशाने त्यांचे ठसे काढले की झालं:

```
sha256sum PTT-20240612-WA0004.opus PTT-20240719-WA0011.opus
```

दोन्ही ओळींतली लांबलचक अक्षरमाला तंतोतंत सारखी आली, तर फाइल एकच. एक शब्द जरी कापला असेल तरी ती पूर्ण बदलते. ती वेगळी आली तर मात्र लगेच लबाडीचा निष्कर्ष काढू नये, पुन्हा आवळल्यानेही ठसा बदलतो. फाइलच्या नावातली तारीख ही त्या फोनवर नोट आली त्या दिवसाची असते, बोलण्याच्या दिवसाची नाही. वरच्या उदाहरणात 12 जूनची नोट 19 जुलैला पुन्हा आली, तर नाव जुलैचंच लागणार.

आणि इथेच माझ्या मित्राची फसगत झाली. आवाज जसाच्या तसा पोचला, पण त्याच्या भोवतीचं सगळं गळून गेलं. मी नोट मंगळवारी पाठवली हे गटात दिसत होतं, कारण नोटेशेजारी वेळ होती. फॉरवर्ड हा नवा निरोप असतो आणि त्यावर फॉरवर्ड केल्याची वेळ पडते. मित्राच्या फोनवर गुरुवार रात्र होती, माझा "उद्या" त्याच्याकडे शुक्रवार झाला. बोलणारा कोण, हेही व्हॉट्सॲप सांगत नाही. वर पाठवणाऱ्याचंच नाव असतं. माझा आवाज ओळखीचा म्हणून निदान तेवढं कळलं. टेलिग्राममध्ये मूळ पाठवणाऱ्याचं नाव सोबत दिसतं, त्याने सेटिंगमध्ये ते झाकलं नसेल तर. मजकुराचंही तसंच. मैत्रिणीच्या फोनवरचा "सातला ना" मित्राकडे गेला नव्हता. त्याच्या फोनने मजकूर काढला असता तर तो त्याचा स्वतःचा, कदाचित वेगळा निघाला असता.

सोबत जातो तो एक मोजणीचा आकडा. पहिल्या फॉरवर्डवर "Forwarded" अशी खूण लागते. नोट मूळ पाठवणाऱ्यापासून पाच किंवा जास्त टप्पे दूर गेली की दुहेरी बाण येतो आणि 2020 सालापासून अशी नोट एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येते. ही मोजणी साखळीच्या लांबीची आहे, ऐकणाऱ्यांच्या संख्येची नाही. दोनशे जणांच्या गटात एकदा टाकली तरी तो एकच टप्पा. आणि कुणी फाइल फोनमध्ये साठवून नव्याने जोडून पाठवली, तर आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. म्हणून खूण दिसली तर ती खरी माहिती आहे, पण खूण नाही म्हणजे नोट ताजी आहे असं समजू नये.

घोळ लक्षात आल्यावर मी गटातली नोट सगळ्यांसाठी पुसली. गटातून ती गेली, मित्राच्या फोनवर राहिली. पुसण्याचा हुकूम ज्या निरोपाला दिला तेवढ्यालाच लागू होतो आणि फॉरवर्ड हा दुसऱ्याने पाठवलेला स्वतंत्र निरोप आहे. आपोआप नाहीशा होणाऱ्या चॅटमधली नोटही साध्या चॅटला फॉरवर्ड केली की तिथे टिकते. एकदाच ऐकता येणारी व्हॉइस नोट व्हॉट्सॲपमध्ये 2023 च्या डिसेंबरमध्ये आली, ती मात्र फॉरवर्ड होत नाही. पण शेजारी दुसरा फोन ठेवून कुणी ती मुद्रित केली तर तिला अडवणारं काही नाही.

हल्ली तालमीची नोट मी अशी सुरू करतो: "मी बोलतोय, आज मंगळवार बारा तारीख. बुधवारी तेराला तालीम, साडेआठला. खुर्च्या साठ, सहा दहा साठ." बोलायला चार सेकंद जास्त लागतात, आणि फाइल आठ केबीने वाढते.